“दिदी, तुम्ही असता तर काय केलं असतं?” : दवाखान्यातल्या दुभाष्यांचे नेहमीचे प्रश्न

माझं लहानपण रत्नागिरी तालुक्यातल्या एका आंब्याच्या बागेतल्या मांगरात गेलं. वडील नेपाळहून राखणीला आले आणि इथेच राहिले. घरात नेपाळी, शाळा जिल्हा परिषदेची मराठी. त्यामुळे वाडीतला कोणी नेपाळी माणूस आजारी पडला की दवाखान्यात बोलायला मला बोलावणं यायचं. पुढे तेच माझं काम झालं. आता किनाऱ्यावर नेपाळी खलाशी आहेत, चिरेखाणींवर कन्नड बोलणारी कुटुंबं आहेत, आणि दुभाष्याचं काम शिकणारी नवी मुलंमुलीही आहेत. ती मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे लिहिते आहे. बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात: रुग्ण डॉक्टरांकडे पाठ करून आपल्याकडे वळतो आणि सल्ला मागतो, तेव्हा काय करायचं? उदाहरणांतले ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

दुभाषी तटस्थ असतो म्हणजे नक्की काय?

खोलीत जे बोललं जाईल ते दोन्ही बाजूंना पूर्ण कळवायचं आणि निर्णय कुठल्या बाजूला झुकावा यासाठी आपण काहीही करायचं नाही. शब्दांनी नाही, आवाजाने नाही, भुवईनेही नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आणि ते सांगताना आपला आवाज भीतीने खाली गेला, तर आपण मत देऊन मोकळे झालो.

अमेरिकेतल्या आरोग्यसेवेतील दुभाष्यांच्या राष्ट्रीय परिषदेने २००४ साली नीतिसंहिता काढली. दुभाष्याने निःपक्षपाती राहावं, समुपदेशन करू नये, सल्ला देऊ नये, स्वतःची मतं आणि समजुती मध्ये आणू नयेत, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्याच संहितेत रुग्णाला माणूस म्हणून आदराने वागवायलाही सांगितलं आहे, आणि हा भाग लोक विसरतात. तटस्थ राहायचं म्हणून नवी मुलं एकदम कोरडी होतात, रुग्णाकडे बघत नाहीत, नमस्काराला उत्तर देत नाहीत. तसं करू नका. घामाघूम होऊन आलेल्या माणसाला पंख्याखालची खुर्ची दाखवल्याने तटस्थता मोडत नाही.

रुग्णाने “तुम्हीच सांगा, काय करू?” असं विचारलं, तर त्याच क्षणी काय करायचं?

उत्तर द्यायचं नाही आणि प्रश्न गिळायचाही नाही. रुग्णाला त्याच्या भाषेत एकाच वाक्यात सांगायचं की तुमचा प्रश्न मी डॉक्टरांना सांगते. मग डॉक्टरांकडे वळून, हा प्रश्न रुग्णाने मला विचारला आहे हे सांगायचं आणि तो जसाच्या तसा, त्याच्याच शब्दांत मांडायचा. त्यानंतर आपण मागे सरायचं. मी वहीकडे बघते, म्हणजे दोघांना एकमेकांकडेच बघावं लागतं.

नव्या दुभाष्यांची चूक बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर होते. “मला सल्ला देता येत नाही” एवढं रुग्णाला सांगून ते थांबतात. नियम पाळल्यासारखं वाटतं, पण डॉक्टरांना कळलेलंच नसतं की रुग्णाने काहीतरी विचारलं. ज्याने धीर करून तोंड उघडलं त्याच्या तोंडावर दार लागतं, आणि तो पुन्हा विचारत नाही.

“दुभाषी म्हणून सांगते” असं वेगळं का म्हणायचं? सरळ “मी” म्हटलं तर?

कारण खोलीतला “मी” रुग्णाचा असतो. रुग्णाचं बोलणं आपण पहिल्या पुरुषात सांगतो, “तो म्हणतोय की” असं म्हणत नाही. “तो म्हणतोय” सुरू झालं की डॉक्टर आपल्याशी बोलू लागतात, “विचार त्याला” म्हणतात, आणि रुग्ण समोर बसून परका होतो.

मराठीत हे थोडं अवघडतं. नेपाळीत “म गएँ” बाईही म्हणते आणि पुरुषही म्हणतो. मराठीत मला पुरुष रुग्णासाठी “मी गेलो”, “मी दारू प्यायलो” असं म्हणावं लागतं. पहिल्या दिवशी जीभ अडते, सिस्टर वळून बघतात. आठवड्याभरात सगळ्यांना सवय होते. याचा फायदाही होतो, कारण मी “गेलो” म्हटलं की बोलणारा रुग्ण आणि “सांगते” म्हटलं की बोलणारी मी, हे डॉक्टरांना नुसतं ऐकून कळतं. पण रुग्ण बाई असेल तर हा फरक पुसला जातो. म्हणून स्वतःचं काही बोलायचं असेल तेव्हा “दुभाषी सांगते” हे शब्द प्रत्येक वेळी म्हणाच.

मला उत्तर पक्कं ठाऊक असेल तर? साधी गोष्ट असेल तर सांगायला काय हरकत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे.

क्षयरोगाच्या उपचारात नेहमी एक गोष्ट सांगावी लागते. औषधांत रिफाम्पिसिन असतं, त्याने लघवी नारिंगी-लालसर होते. घाबरू नका, गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांचं हे वाक्य मी इतक्यांदा नेपाळीत सांगितलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. एकदा दवाखान्याच्या पडवीतल्या बाकावर एक खलाशी नंबराची वाट बघत बसला होता. उपचार सुरू होऊन काही आठवडे झाले होते. मी शेजारून जाताना त्याने हळूच विचारलं, “दिदी, पिसाब रातो आउँछ, केही हुँदैन?” लघवी लाल होते, काही होणार नाही ना? मी म्हटलं, गोळ्यांमुळे होतं, सगळ्यांनाच होतं. त्याच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली. मला बरं वाटलं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी काही त्रास आहे का विचारलं. तो नाही म्हणाला. त्याच्या शंकेचं उत्तर मिळालंच होतं. आठ दिवसांनी त्याला दोघांनी धरून आणलं. डोळे पिवळे, पोटात काही ठरत नव्हतं. डॉक्टरांनी लघवीचा रंग कधीपासून गडद आहे विचारलं, तेव्हा त्याने माझ्याकडे बोट केलं. दिदीने सांगितलं होतं की काही होत नाही.

पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल. त्यांतली पहिली तीन यकृताला त्रास देऊ शकतात, आणि दारू पिणाऱ्याला हा धोका अधिक असतो. रिफाम्पिसिनचा रंग गोळी घेतल्यावर काही तासांत लघवीत दिसतो आणि पुढच्या डोसपर्यंत फिकट होत जातो. कावीळ होते तेव्हा लघवी दिवसभर गडद, कोऱ्या चहासारखी येते. त्याआधीपासून बहुधा जेवणावरची वासना उडालेली असते, मळमळ असते, गळून गेल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी पडवीतला तो प्रश्न ऐकला असता तर त्यांनी विचारलं असतं: रंग दिवसभर सारखा असतो की गोळीनंतरच? जेवण जातं का? दारू किती? खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग उजेडात बघितला असता. यातलं काहीही विचारायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तपासणं माझं काम नव्हतं.

तो वाचला. गोळ्या थांबवल्या, रक्त तपासलं, यकृत सावरल्यावर औषधं एकेक करून पुन्हा सुरू केली. माझं वाक्य खोटं नव्हतं. रिफाम्पिसिनने लघवी लाल होतेच. पण त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. दुभाष्याला उत्तरं पाठ होतात. समोरच्याचा प्रश्न तोच आहे का, हे ओळखण्याचं शिक्षण त्याला मिळालेलं नसतं. म्हणून ठाऊक असलेलं उत्तरही आपण देत नाही.

मग पडवीत, बाकावर कोणी विचारलं तर काय म्हणू?

“हे आत गेल्यावर डॉक्टरांना विचारूया, मी बोलेन.” आणि आत गेल्यावर रुग्ण विसरला किंवा लाजला, तर डॉक्टरांना सांगा: “दुभाषी सांगते, बाहेर बसलेले असताना रुग्णाने मला एक प्रश्न विचारला होता, तो इथे विचारायचं ठरलं आहे.” हे रुग्णालाही त्याच्या भाषेत सांगा, म्हणजे आपल्या पाठीमागे काय बोललं जातंय असं त्याला वाटणार नाही. नेमका प्रश्न मग त्यालाच सांगू द्या.

खरं तर रुग्णासोबत एकटं न बसणं उत्तम. मी नंबर पुकारला की आत जाते. डॉक्टर तपासणी सोडून बाहेर गेले तर मीही दाराबाहेर जाऊन उभी राहते. सुरुवातीला हे मला उद्धट वाटायचं. आपल्या गावच्या माणसाला एकटं टाकून कसं जायचं? पण खोलीत दोघंच उरली की तो बोलणारच, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेव्हाच बोलणार. ते ऐकायला डॉक्टर नसतील तर त्याचा त्याला उपयोग नाही. बाहेर जाताना मात्र सांगून जा: डॉक्टर आले की मीही येते.

रुग्ण आजाराबद्दल नाही, आयुष्याबद्दल सल्ला मागतो. तो डॉक्टरांना काय सांगायचा?

तोही सांगायचा. एक प्रसंग पूर्ण सांगते, कारण यात काय काय दडलेलं असतं ते त्याशिवाय कळत नाही.

एप्रिल संपत आला होता, बागांत आंबा काढणी जोरात होती. एक राखणदार उपचाराचे दोन महिने पूर्ण करून आला होता. डॉक्टर मॅडमनी थुंकीचा अहवाल बघितला, चांगला होता. म्हणाल्या, आता चारऐवजी तीन औषधं, आणखी चार महिने. मी ते नेपाळीत सांगितलं. तो मॅडमकडे बघून हसला, मान डोलावली, मग माझ्याकडे झुकून आवाज खाली करून म्हणाला, “दिदी, तपाईं भए के गर्नुहुन्थ्यो? औषधि छोडेर घर जाने कि यहीं बस्ने?”

मला मत होतं. टीबीचं औषध अर्धवट सोडलं तर आजार उलटतो, औषधांना दाद देईनासा होतो, हे मी शंभरदा सांगितलं होतं. “सोडू नका, राहा” हे शब्द जिभेवर आले होते. मी त्याला एवढंच म्हटलं, “तपाईंको प्रश्न म डाक्टरलाई भन्छु।” आणि मॅडमना म्हटलं, “दुभाषी सांगते, हा प्रश्न रुग्णाने मला विचारला आहे. प्रश्न असा: दिदी, तुम्ही असता तर काय केलं असतं? औषध सोडून घरी जायचं की इथेच राहायचं?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली. “घरी कधी जायचंय?”

तो म्हणाला, जेठ संपताना. इथे मी थांबले, कारण नेपाळी जेठ साधारण मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत असतो आणि मराठी ज्येष्ठाशी तंतोतंत जुळत नाही. “दुभाषी सांगते, नेपाळी आणि मराठी महिना वेगळा असू शकतो, मी इंग्रजी तारीख विचारू का?” विचारली. जूनचा दुसरा आठवडा.

“जायलाच का हवं?” आणि मग सगळं बाहेर आलं. आंबा संपला की बागायतदार हंगामाचा हिशोब करतात, पैसे हातात मिळतात. त्यानंतर पावसात बागेत काम नाही आणि मांगरात राहता येत नाही. मुकादमाने सगळ्यांची गाडी एकत्र ठरवली होती. मागे राहिला तर राहायचं कुठे आणि खायचं काय, हा त्याचा प्रश्न होता. औषधावर त्याचा अविश्वास मुळीच नव्हता. “राहा” असं मी म्हटलं असतं तर त्याने मान डोलावली असती, कारण मोठ्या बहिणीला उलट बोलत नाहीत. आणि जूनमध्ये तो त्या गाडीत बसला असता, गोळ्यांशिवाय, कोणालाही न सांगता.

मॅडम म्हणाल्या, “औषध की घर, यातलं एकच निवडायला तुम्हाला कोणी सांगितलं? जा ना. पण जायच्या आधी दोन आठवडे मला सांगायचं.” मग टीबीच्या सुपरवायझरना बोलावलं. गावाजवळचं आरोग्य केंद्र कुठलं, तिथे पोचायला किती दिवस लागतात, हे विचारून घेतलं. उपचार कधी सुरू झाला, कुठली औषधं, कुठला टप्पा, थुंकीचा अहवाल काय, हे सगळं चिठ्ठीवर लिहून द्यायचं आणि वाटेत खंड पडणार नाही एवढ्या गोळ्या सोबत द्यायच्या, असं ठरलं. हे सगळं माझ्या अक्कलहुशारीत कुठे बसलं असतं? मला त्या खोलीतले दोनच पर्याय दिसत होते, जे त्याला दिसत होते.

तो म्हणाला, “हे डॉक्टरांना सांगू नका.” आता?

ही वेळ येऊ नये याची तयारी भेट सुरू होण्याआधी करायची असते. मी पहिल्यांदा भेटताच प्रत्येकाला हे सांगते, डॉक्टरांच्या समोर:

“म दोभासे हुँ। यहाँ बोलेको सबै कुरा म डाक्टरलाई भन्छु, डाक्टरले भनेको सबै तपाईंलाई भन्छु। बाहिर कसैलाई भन्दिनँ। सल्लाह डाक्टरले दिनुहुन्छ।”

म्हणजे: मी दुभाषी आहे. इथे बोललेलं सगळं मी डॉक्टरांना सांगणार, डॉक्टरांचं सगळं तुम्हाला सांगणार. बाहेर कोणालाही सांगणार नाही. सल्ला डॉक्टर देतात. यातलं तिसरं वाक्य सावकाश म्हणा. बागेत आणि बोटीवर सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे रुग्णाचं लक्ष त्याच वाक्याकडे असतं.

तरीही कोणी सुरुवात केली, “दिदी, तुम्हाला म्हणून सांगतो...” तर तिथेच हात वर करून थांबवा. डॉक्टरांना कळू नये असं काही असेल तर ते मलाही सांगू नका, असं सांगा. आणि ऐकून झालंच असेल तर? उदाहरणार्थ, तो गोळ्यांसोबत गावाकडची जडीबुटी घेतो आहे. त्याला सांगा की हे डॉक्टरांना कळणं त्याच्याच भल्याचं आहे, त्यानेच सांगावं, मी त्याचे शब्द पोचवीन. बहुतेक जण सांगतात. नाहीच सांगितलं आणि त्यात जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी डॉक्टरांना सांगते, आणि सांगणार आहे हे रुग्णाला आधी सांगते. या बाबतीत मी तडजोड करत नाही.

डॉक्टरच म्हणतात, “तुझ्या गावचा आहे ना, तूच समजाव त्याला.”

हे रुग्णाने सल्ला मागण्यापेक्षा जास्त वेळा घडतं, विशेषतः ओपीडीत बाहेर साठ माणसं उभी असताना. डॉक्टर वाईट हेतूने म्हणत नाहीत. पण दुभाष्याने समजावलेलं डॉक्टरांना कळत नाही, आणि रुग्णाला वाटतं की ते डॉक्टरांनीच सांगितलं.

मी म्हणते, “तुम्ही सांगा मॅडम, मी एकेक वाक्य त्याच्या भाषेत सांगते, वेळ तेवढाच लागेल.” समजलं की नाही याची खात्री हवी असेल, तर रुग्णाला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा, असं डॉक्टरांना सुचवता येतं. “कळलं का?” याला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. “उद्या सकाळी गोळ्या कशा घेणार ते सांगा” याचं उत्तर मात्र खरं मिळतं.

मग दुभाष्याने स्वतःहून कधीच बोलायचं नाही का?

बोलायचं, पण अर्थ अडकतो तिथे. दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

नेपाळीत “घाम” म्हणजे ऊन. घाम फुटतो त्याला “पसिना” म्हणतात. एका रुग्णाने “घाममा काम गर्दा गाह्रो हुन्छ” म्हटलं, म्हणजे उन्हात काम करताना जड जातं. डॉक्टरांनी तेवढा एक शब्द पकडला आणि कागदावर घाम येतो असं लिहू लागले. टीबीच्या संशयात रात्रीचा घाम हे महत्त्वाचं लक्षण. तिथे गप्प बसणं चूक ठरलं असतं. “दुभाषी सांगते, नेपाळीत घाम म्हणजे ऊन. रात्री घाम येतो का हे तुम्ही वेगळं विचारू शकता.” डॉक्टरांनी विचारलं, मी “राति पसिना आउँछ?” असं सांगितलं. उत्तर रुग्णाने दिलं.

दुसरं जेवणाचं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सकाळी नाश्त्याआधी. आमच्याकडे पुष्कळ घरांत सकाळी चहा आणि मग दहाच्या सुमाराला सरळ भात असतो, नाश्ता नावाची वेळच नसते. मी एवढंच म्हटलं की नाश्त्याबद्दल गोंधळ होऊ शकतो, रुग्ण कधी काय खातो ते विचारावं का? किती वाजता घ्यायच्या हे ठरवलं डॉक्टरांनी. अर्थाचा गुंता दिसला की बोट ठेवायचं, सोडवायचं ज्याचं त्याने. ही रेघ पाळली तर सल्ल्याकडे घसरत नाही.

ते रात्री घरी फोन करतात. नात्यातले, वाडीतले आहेत. तोडून कसं बोलू?

तोडून बोलू नका. “दादा, मी तिथे दुभाषी असते, औषधाचं मला सांगता येणार नाही” हे प्रेमानेही म्हणता येतं. त्रास मोठा असेल, दम लागत असेल, रक्त पडत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर १०८ किंवा जवळचा दवाखाना, आणि तिथे बोलायला मी येते. क्षयरोगाची शंका असेल तर राष्ट्रीय कार्यक्रमाची हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे. बाकी सगळ्याला: उद्या ओपीडीत विचारूया.

मी कामाचा वेगळा नंबर घेतला आणि घरचा देणं बंद केलं. पहिले काही महिने काही जण नाराज होते. वाडीतल्या एका वहिनीने तर बोलणंच सोडलं. पण तिचं मूल आजारी पडलं तेव्हा ती मलाच घेऊन गेली, आणि जे बागेत कोणाला कळू द्यायचं नव्हतं ते माझ्यासमोर डॉक्टरांना बोलली.

बागायतदार किंवा तांडेल विचारतो, “काय झालंय त्याला?”

“मी सांगू शकत नाही, त्यालाच विचारा.” बस. पगार तो देतो, दवाखान्यात गाडीनेही त्यानेच आणलं असेल, तरीही एवढंच. “काही मोठं नाही” हेसुद्धा म्हणू नका. एकाच्या वेळी “काही नाही” म्हणालात आणि दुसऱ्याच्या वेळी गप्प राहिलात, तर गप्प राहण्याचाच अर्थ लावला जातो.

मी उत्तर देत नाही म्हणून रुग्ण दुखावतो. त्याला काय सांगू?

खरं कारण सांगा. नियम आहे असं सांगितलं तर त्याला आपण साहेब झालो असं वाटतं. मी त्या राखणदाराला, पुढच्या महिन्याच्या भेटीत त्याने पुन्हा “दिदी, तुम्ही काही सांगतच नाही” म्हटल्यावर, डॉक्टरांच्या समोरच लाल लघवीची गोष्ट सांगितली, नाव-गाव न सांगता. आधी मॅडमना विचारून घेतलं आणि सांगून झाल्यावर त्यांना मराठीत काय बोलले तेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मॅडमकडे वळला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, गाडीत तीन दिवस जातात, गोळ्या उन्हात तापल्या तर चालतील का?

मी म्हटलं, “गाडीत तीन दिवस जातात. गोळ्या उन्हात तापल्या तर चालतील का?”